वीस चित्रं भिंतीवर, शंभर पानं पिशवीत: आमच्या गंजिफाची वाटणी आणि माझं भांडण



या पानावर गेली काही वर्षं बेळगावच्या जुन्या वाड्यांच्या, इंदूरच्या सराफ्याच्या, बडोद्याच्या पोळांच्या आठवणी वाचतेय. आज माझी पाळी. आठवण आहेच, पण खरं सांगायचं तर भांडण आहे, आणि तेही सख्ख्या भावाशी. घरचं भांडण चारचौघांत मांडू नये असं आई म्हणायची. पण हे भांडण आमच्या घरापुरतं राहिलेलं नाही. गेल्या दोन वर्षांत तीन घरांत तीच गोष्ट झालेली मी बघितली, म्हणून लिहिते. लांबलंय, चहा घेऊन बसा.

आमचं घर बेळगावात शहापूरला. आईचं माहेर सावंतवाडी. आंबोलीचा घाट उतरला की आजोळ, इतकं ते जवळ. आई लग्न होऊन आली तेव्हा तिच्या ट्रंकेत एक लाकडी पेटी होती, सरकत्या झाकणाची, झाकणावर लाखेचं काम आणि मधे उजव्या सोंडेचा गणपती. आत गंजिफा. दशावतारी, पूर्ण 120 पानं. प्रत्येक पान गोल, जुन्या रुपयाच्या नाण्यापेक्षा बरंच मोठं, तळहातात बसेल एवढं. पाठ साधी तांबडी, पोटावर चित्र.

आई गेल्या वर्षी गेली. वर्षश्राद्धाला सगळे जमलो, तेव्हा पेटी निघाली. माझा धाकटा भाऊ इंदूरला असतो. त्यानं पेटी उघडली, पानं सतरंजीवर पसरली आणि मोठ्या उत्साहानं दोन ढीग केले. एका ढिगात दहा राजे आणि दहा प्रधान, अशी वीस चित्रं. दुसऱ्या ढिगात बाकीची शंभर. म्हणाला, "ताई, ही वीस मी फ्रेम करून घेतो. नव्या फ्लॅटच्या हॉलमध्ये काय दिसतील बघ की! ही बाकीची नुसती ठिपक्याठिपक्यांची आहेत, ती तू ठेव, नाहीतर मुलांना खेळायला दे."

नुसती ठिपक्याठिपक्यांची! आता या शब्दावरूनच मी पेटले.

ज्यांनी गंजिफा कधी हातात घेतला नाही त्यांच्यासाठी आधी दोन शब्द. आपल्या नेहमीच्या पत्त्यांत चार रंग: इस्पिक, बदाम, चौकट, किलवर. दशावतारीत दहा रंग, एका अवताराचा एक: मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन, परशुराम, राम, कृष्ण, बुद्ध, कल्की. प्रत्येक रंगात बारा पानं. वर राजा, म्हणजे तो अवतार स्वतः. त्याखाली प्रधान. आणि मग एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पानं, त्यांवर त्या अवताराची खूण तितक्या वेळा काढलेली. मत्स्याला मासे, कूर्माला कासवं, परशुरामाला परशु, रामाला बाण, कल्कीला तलवारी. खुणा गावागावांत, चिताऱ्याचिताऱ्यांत थोड्या बदलतात. आमच्या पेटीत कृष्णाला गाई आहेत आणि बुद्धाला कमळं. राणी नाही, गुलाम नाही. (मामी म्हणायची, "बाई नाही म्हणूनच राजा प्रधानाचं ऐकतो.")

हैदराबादच्या मंडळींच्या घरी कदाचित दुसरा प्रकार असेल, आठ रंगांचा, 96 पानांचा, मोगल गंजिफा. त्यात ताज, सफेद, शमशेर, गुलाम, चंग, सुर्ख, बरात, किमाश असे रंग. तुमच्याकडच्या निर्मलचे कारागीरही पूर्वी गंजिफा रंगवत. मूळ खेळ इराणकडून आला. बाबरानं 1527 साली सिंधमध्ये ठठ्ठ्याच्या शाह हसनकडे गंजिफा धाडल्याची नोंद त्याच्याच आत्मचरित्रात आहे. आपल्या लोकांनी त्याला अवतार बसवले आणि दहा रंग केले. पण खेळाचा गाभा दोन्हीकडे एकच, आणि तो गाभा राजा-प्रधानांत नाही. तो त्या शंभर पानांत आहे.

कसा, ते सांगते. इथं जरा लक्ष द्या, कारण माझं सगळं भांडण या एका गोष्टीवर उभं आहे.

आपल्या बावन्न पानांत क्रम सगळ्या रंगांत एकसारखा. एक्का, राजा, राणी, गुलाम, दश्शी, नव्वी, खाली दुर्रीपर्यंत. इस्पिकात दश्शी नव्वीच्या वर, तर बदामातही दश्शी नव्वीच्या वर. एकदा शिकलं की संपलं. गंजिफात तसं नाही. राजा आणि प्रधान सगळीकडे वर, पण त्याखालची दहा पानं अर्ध्या रंगांत सुलट लागतात आणि अर्ध्या रंगांत उलट. आमच्या घरच्या रीतीत पहिल्या पाच अवतारांत, मत्स्यापासून वामनापर्यंत, प्रधानाच्या खाली दश्शी, मग नव्वी, असं उतरत एक्का सगळ्यात हलका. आणि शेवटच्या पाचांत, परशुरामापासून कल्कीपर्यंत, प्रधानाच्या खाली थेट एक्का! मग दुर्री, तिर्री, आणि सगळ्यात हलकी दश्शी. तुमच्या घरी पाचांची वाटणी वेगळी असेल तर तुमची रीत धरा, पण अर्धे सुलट आणि अर्धे उलट हे सोडू नका. मोगल गंजिफातही आठापैकी चार रंग असेच उलटे लागतात. युरोपातल्या जुन्या तारोच्या खेळातही दोन रंगांची पानं उलट्या क्रमानं धरत. म्हणजे ही कुणा एका म्हातारीची लहर नाही, पत्त्यांच्या खेळाची फार जुनी चाल आहे.

आता हे भावाला सांगितलं तर तो म्हणतो, "पण ताई, असं कशाला? उगीच गोंधळ."

त्याच दुपारी मी त्याच्या मुलाला घेऊन बसले. पोरगा एकोणीस वर्षांचा, हुशार, पाच-तीन-दोन मध्ये कुणाला ऐकत नाही. तिसरी आमची मामी, वय ब्याऐंशी, सावंतवाडीहून श्राद्धाला आली होती. गंजिफाला तिघंच लागतात, 120 पानं, प्रत्येकी चाळीस.

पिसायची पद्धतही वेगळी. आपण पत्ते फर्रकन पिसतो तसं इथं करायचं नाही, लाख उडेल. पांढरं धोतर किंवा चादर अंथरायची, सगळी पानं पालथी टाकायची आणि दोन्ही तळव्यांनी भाजणीचं पीठ कालवल्यासारखी फिरवायची. मग गोळा करून चार-चार पानं वाटायची, दहा फेऱ्या. चाळीस गोल पानं हातात धरणं हे एक काम आहे. मामीनं रंगाप्रमाणे लावून पंखा केला, कडा फक्त बोटभर दिसताहेत एवढाच. पोरगा चिडला: "आत्याआजी, कोपऱ्यात आकडाच नाही, कळायचं कसं?" कोपराच नाही तर आकडा कुठं घालणार रे! कळतं ते जमिनीच्या रंगावरून. प्रत्येक अवताराची जमीन वेगळी रंगवलेली असते, कडेची चंद्रकोर दिसली की अवतार कळला. ती जमीन सजावटीसाठी नाही, चाळीस पानं हातात असताना खेळणाऱ्याला दिसावं म्हणून आहे.

दिवसा खेळ असेल तर ज्याच्याकडे रामाचा राजा तो सुरुवात करतो. रात्री असेल तर कृष्णाचा राजा. बावन्न पानांत असला काही प्रकार नाही, तिथं घड्याळ किती वाजलं याच्याशी पत्त्याचा संबंध नसतो. तर दुपार होती, रामाचा राजा माझ्याकडे आला. रीत अशी की राजाबरोबर एक हलकं पान जोडून टाकायचं, आणि बाकी दोघांनी आपापली दोन-दोन पानं त्यावर द्यायची. पहिला हात सहा पानांचा, पुढचे सगळे तीन-तीनचे.

इथं अजून एक मोठा फरक. पाच-तीन-दोन मध्ये जो रंग पडला तो असेल तर तोच घालावा लागतो, आणि नसेल तर हुकूम मारून हात कापता येतो. आमच्या गंजिफात कापाकापी नाही. त्या अर्थाचा हुकूमच नाही. आणि रंग घालायची सक्तीही नाही. ज्याला हात घेता येत नाही तो हातातलं निरुपयोगी पान टाकून मोकळा होतो. म्हणजे खेळाचं खरं डोकं कुठं लागतं? टाकण्यात! काय ठेवायचं आणि काय सोडायचं, यात.

पोरानं दोन पानं टाकली: कल्कीचा एक्का आणि कल्कीची दुर्री. अगदी बेफिकीर. एक तलवार आणि दोन तलवारी, हलकी पानं, गेली तर गेली. कल्कीची नव्वी-दश्शी मात्र जपून ठेवली. मामीनं माझ्याकडे बघितलं, मी मामीकडे. कुणीच काही बोललो नाही. (हो, दुष्टपणा. पण शिकायचं असंच असतं.)

कल्कीचा राजा आणि प्रधान दोन्ही माझ्याकडे होते. मी ते एकामागून एक खेळले, दोन हात माझे. त्यावर त्यानं वाटेल ती दुसरी पानं टाकली, कारण रंग घालायचं बंधन नाही. म्हणजे एक्का आणि दुर्री ठेवली असती तर ती त्याच्या हातात सुखरूप राहिली असती. आणि राजा-प्रधान पडल्यावर कल्कीतलं सगळ्यात मोठं पान कोणतं उरलं असतं? एक्का. तो पडला की दुर्री. ती पडली की तिर्री. तीनही त्याच्याकडेच होती! वराहाच्या राजानं त्याला डाव मिळाला तेव्हा त्यानं नुसती ती तीन पानं ओळीनं मांडली असती तरी तीन हात झाले असते. झाला एकच, तिर्रीचा. आणि तोही त्यानं चुकून केला. त्यानं ती टाकून द्यायला म्हणून खेळली आणि कुणाकडेच तिच्या वरचं पान नव्हतं. त्याच्या त्या जपलेल्या नव्वी-दश्शीला शेवटपर्यंत एक हात मिळाला नाही.

शेवटी पानं मोजली. मामीकडे 48, माझ्याकडे 42, त्याच्याकडे 30. चाळीस भरायला हवीत, तो दहा कमी. चिंचोक्यांनी हिशोब झाला, आठ मामीला, दोन मला. सोडलेल्या दोन हातांची सहा पानं त्याला मिळाली असती तर तो 36 वर गेला असता, चारच चिंचोके द्यावे लागले असते.

बावन्न पानांच्या सवयीनं त्याला काय शिकवलं होतं? की पानाची किंमत पानावर छापलेली असते. गंजिफात ती तशी नसते. किंमत दोन गोष्टींवर ठरते: रंग सुलट की उलट, आणि त्या रंगात वरची कोणती पानं अजून बाहेर आलेली नाहीत. एखाद्या रंगात न खेळलेल्यांपैकी जे सगळ्यात वरचं पान असेल त्याला गंजिफात म्हणतात हुकूम. आता गंमत बघा. शब्द तोच. पाच-तीन-दोन मध्ये हुकूम कुणीतरी बोलतो, "बदाम हुकूम" म्हटलं की बदामाची सत्तीसुद्धा इस्पिकाच्या एक्क्याला खाते. गंजिफात हुकूम कुणी बोलत नाही. वरची पानं पडत जातात आणि खालचं पान आपसूक हुकूम होतं. आपल्या लोकांनी शब्द ठेवला, अर्थ बदलला, आणि आता जुना अर्थ सांगितला की मीच चुकते असं म्हणतात.

लोक मला विचारतात, 120 पानं लक्षात कशी ठेवायची? तेवढी ठेवायची नसतातच. दहाच गोष्टी ठेवायच्या. प्रत्येक रंगात आत्ता हुकूम कोणता, एवढंच. मत्स्यात प्रधानावर आलंय, कूर्मात अजून राजाच, रामात तिर्रीवर गेलं, कल्कीत दुर्री. हात पडला की त्यातला एखादा आकडा एक पायरी सरकतो. मामी ब्याऐंशीव्या वर्षी हे बसल्या बसल्या करते, ओठ किंचित हलतात तेवढंच. पण टाकलेली पानंही बघावी लागतात. पोरानं एक्का-दुर्री पहिल्याच हातात फेकली तेव्हा मामीच्या मनात कल्की प्रधानावरून थेट तिर्रीवर गेला. तिर्री त्याच्याकडे आहे की माझ्याकडे, एवढंच तिला शोधायचं राहिलं. ठिपक्यांची पानं ती हीच!

आता माझ्या रागाचा दुसरा भाग. भावाचं एक वेळ समजून घेईन, त्याला कुणी शिकवलंच नाही. पण जे लोक गंजिफा "जतन" करतो म्हणून विकतात त्यांचं काय? पणजीला एका हस्तकलेच्या प्रदर्शनात मी एक नवा संच घेतला. बॉक्स देखणा, किंमत खणखणीत. आत एक माहितीपत्रक. त्यात खेळाचे नियम सहा ओळींत: राजा, प्रधान, मग दहापासून एकपर्यंत, सर्व रंगांत सारखे. आणि खाली सूचना, की सोयीसाठी आपण या पानांनी रमीही खेळू शकता.

रमी! आता विचार करा. बावन्न पानांत एका आकड्याची चार पानं असतात, म्हणून तीन सत्त्या जमवायला जीव जातो आणि त्यात मजा असते. दशावतारीत एका आकड्याची दहा पानं. तीन सत्त्या काय, पाच येतील. उलट एकाच रंगातली ओळ लावायची तर दहा रंगांत पांगलेली पानं जुळतच नाहीत. जो तो तिकाट्या लावून सुटणार. बरं, सगळ्या रंगांत क्रम सारखा केला म्हटल्यावर पोरानं जी चूक केली ती चूकच राहत नाही. एक्का टाका, दुर्री टाका, ठिपके कमी ते हलकं. विचार करायला उरलं काय? दहा रंगांचा पसारा तेवढा उरतो. चार रंगांत झालं असतं ते काम दहा रंगांत करायचं, आणि मग म्हणायचं की खेळ कंटाळवाणा होता म्हणून मेला.

तो कंटाळवाणा होता म्हणून मेलेला नाही. छापील विलायती पत्ता स्वस्तात मिळायला लागला आणि हातानं रंगवलेलं पान त्यापुढे महाग पडलं. ते पान करायला काय लागतं बघा. कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीनं चिकटवायचे, खडूचा लेप द्यायचा, वाळवायचं, गोल कापायचं, दगडानं घोटून गुळगुळीत करायचं, जमीन रंगवायची, चित्र काढायचं, लाख चढवायची. असं एकशेवीस वेळा. सावंतवाडीत हे काम चिताऱ्यांच्या घरांत चालायचं आणि एक वेळ अशी आली की ते जवळजवळ थांबलं. शिवरामराजे भोसले आणि सत्वशीलादेवी यांनी राजवाड्यातच कारागिरांना बसवून ते पुन्हा सुरू केलं म्हणून आज निदान नवी पानं बघायला मिळतात. त्या उपकाराबद्दल माझ्या मनात काडीची शंका नाही. माझं म्हणणं एवढंच की पानं वाचली, आता नियम सहा ओळींत मारू नका.

आणि विकत घेणाऱ्यांनो, तुम्हीही जरा बघून घ्या. दुकानात संच हातात आला की एका अवताराची चार आणि दुसऱ्याची चार पानं घेऊन पंखा करा, कडा बोटभर उघड्या ठेवा. नुसत्या कडेवरून दोन अवतार वेगळे ओळखता आले तर तो खेळायचा संच. हल्ली काही संचांत दहाही रंगांना एकच पिवळी नाहीतर हिरवी जमीन देतात, दिसायला सुसूत्र म्हणून. तो संच खेळायला बसलात तर पंधरा मिनिटांत डोकं धराल. मग एका रंगाची अठ्ठी, नव्वी आणि दश्शी शेजारी ठेवा. न मोजता, खुणांच्या मांडणीवरून ओळखता यायला हव्यात. आणि पाठी बघा, सगळी पानं पालथी करून. एकावर जरी लाखेचा टवका उडालेला असेल, तर दुसऱ्या डावापासून सगळ्यांना ते पान पाठीवरूनच कळणार. आमच्या जुन्या पेटीत अशी सहा पानं आहेत. वामनाची पंजी तर मी डोळे मिटून ओळखते.

हो, भावाचा एक मुद्दा बरोबर आहे, तो मान्य करते. खेळलं की पानं झिजतात. कोकणातल्या पावसाळ्यात ती वाकतात, पापडासारखी, आणि लाख तडकते. हस्तिदंती किंवा कासवाच्या पाठीची दरबारी पानं कुणाकडे असतील तर ती खेळू नका, माझी बाई काही तक्रार नाही. पण आमची पेटी दरबारी नाही. ती बाजारी कामाची, खेळण्यासाठीच केलेली, चिंचोका-कापडाची. तिच्या पानांच्या कडा ज्या काळवंडल्या आहेत त्या आईच्या आणि मामीच्या अंगठ्यांनी. ती जुनी म्हणून ठेवायची तर ठेवू, मी पणजीचा नवा संच खेळायला काढते, त्यातलं पत्रक फाडून. पण ठेवायची तर अख्खी ठेवायची. वीस पानं इंदूरच्या भिंतीवर आणि शंभर माझ्या कपाटात प्लास्टिकच्या पिशवीत, ही वाटणी नाही. कुणी बुद्धिबळाचा पट वाटताना दोन राजे आणि दोन वजीर उचलून काचेत ठेवेल काय, आणि प्यादी पोरांना दे म्हणेल?

भाऊ म्हणाला, "ताई, कुणी खेळत नाही आता. तुझ्यानंतर कोण?" मी त्याला उत्तर दिलं नाही. उत्तर त्याच्या पोरानं दिलं, पण शब्दांत नाही. संध्याकाळी सगळे निघायच्या गडबडीत होते, बॅगा भरल्या जात होत्या, आणि हा स्वयंपाकघरात मामीसमोर बसून एका कागदावर दहा नावं लिहीत होता, पाच डावीकडे, पाच उजवीकडे, आणि प्रत्येकासमोर बाण: वर की खाली. मामी सांगत होती आणि मधेच त्याला दटावत होती, "लिहू नको रे, लिहिलंस की विसरतंस."

पेटी तूर्त माझ्याकडे आहे, 120 पानांसकट. मी मोजली, दोनदा. भाऊ अजून नाराज आहे. त्याला मी आमच्या राजांचे आणि प्रधानांचे मोठे फोटो काढून पाठवले, ते फ्रेम कर म्हटलं. अजून उत्तर नाही.

पोरगा श्रावणात येतो म्हणालाय, कॉलेजला सुट्टी आहे. मामीला आंबोलीचा घाट पावसात झेपणार नाही, ती येणार नाही. म्हणजे आम्ही दोघं झालो. बेळगावात, शहापूर-टिळकवाडी-वडगाव भागात कुणाला येत असेल, किंवा कुणाच्या आईला, आजीला येत असेल तर खाली लिहा. एक माणूस कमी आहे. संध्याकाळी दिवे लागल्यावर बसू, तेव्हा सुरुवात कृष्णाच्या राजानं होईल.

आणि ज्यांच्या घरी उलट-सुलट रंगांची वाटणी आमच्याहून वेगळी आहे त्यांनी तीही लिहा, घर कुठलं ते सांगून. पाच-पाच नावं लिहिली तरी पुरे.